दोनाचे चार झाले की ‘१०० टक्के वाढ’! टक्क्यांमागचा खरा आकडा गावाने कसा ओळखायचा?

सोलापूर : जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएस म्हणजे गुलेन बॅरे सिंड्रोमची साथ आली आणि त्या साथीतला पहिला संशयित मृत्यू सोलापुरात नोंदला गेला. रुग्ण पुण्याहून गावी आला होता, इथल्या खासगी रुग्णालयात उपचार सुरू असताना २५ जानेवारीला तो दगावला. दुसऱ्या दिवशी ही बातमी जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाईलवर पोहोचली आणि गावोगावी एकच प्रश्न सुरू झाला : आता आपल्याकडेही आलं का?

त्या दिवशी पुण्याचे आकडे टक्क्यांत सांगता येत होते. सोलापूरचा आकडा मात्र टक्क्यांत बसतच नव्हता. पुण्याच्या साथीशी जोडलेला सोलापुरातला मृत्यू शून्यावरून एकावर गेला होता आणि शून्यावरून एक ही वाढ किती टक्के, याला गणितात उत्तरच नाही. शून्याने भागता येत नाही. एकावरून दोन झाले तर १०० टक्के, दोनावरून चार झाले तरी १०० टक्के आणि एकावरून चार झाले तर ३०० टक्के वाढ. म्हणजे तालुक्यात तीन माणसं वाढली तरी मथळ्यात ‘तिप्पट वाढ’, ‘३०० टक्के उसळी’ असं काहीही लिहिता येतं. हिशेब चुकीचा नसतो, पण वाचणाऱ्याच्या मनात उभं राहणारं चित्र चुकीचं असतं.

हे सगळं फक्त आजाराच्या बातम्यांपुरतं नाही. चोऱ्या, अपघात, सर्पदंश, कुत्रा चावण्याच्या घटना, कॉपीची प्रकरणं, जिथे आकडा मुळातच लहान आहे तिथे हीच गडबड होते. जीबीएसचं उदाहरण मात्र जिल्ह्याला जवळचं आहे आणि त्यात दोन्ही बाजू दिसतात. लहान आकडा कधी काहीच सांगत नाही आणि कधी तोच पहिला इशारा असतो. दोन्हींतला फरक टक्क्यांवरून कळत नाही. तो दुसऱ्या गोष्टींवरून कळतो.

आधी नेहमीचा आकडा किती, ते बघा

जीबीएस हा नवा आजार नाही आणि तो एका माणसाकडून दुसऱ्याला थेट लागत नाही. जुलाब किंवा सर्दी-तापासारखा संसर्ग होऊन गेल्यावर काही दिवसांनी काही मोजक्या लोकांमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. पायाला मुंग्या येतात, ताकद जाते, अशक्तपणा पायांकडून वर चढत जातो. जगभरात साथ नसतानाही वर्षाला दर लाख लोकांमागे साधारण एक ते दोन जणांना हा आजार होतो.

आता हा दर जिल्ह्याला लावून पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाख १७ हजार होती. लाखामागे एक ते दोन म्हणजे कोणतीही साथ नसताना, कोणतीही बातमी नसताना, वर्षाला साधारण ४० ते ८५ रुग्ण जिल्ह्यात होणं अपेक्षित आहे. महिन्याला तीन ते सात. तीन लाख वस्तीचा एखादा तालुका घेतला तर वर्षाला तीन ते सहा.

हा अंदाज आहे, मोजलेला आकडा नाही. तरीही त्याचा उपयोग मोठा आहे. पुण्याच्या साथीनंतर तालुक्यात एक रुग्ण सापडला तर लगेच ‘साथ तालुक्यात शिरली’ असं म्हणता येत नाही, कारण तो एक रुग्ण साथ नसतानाही सापडलाच असता. फरक इतकाच, की आधीच्या वर्षी त्याची बातमी झाली नसती. बातमी सुरू झाली की तपासणी वाढते, डॉक्टर त्याच आजाराचा विचार आधी करतात, नोंदी वाढतात आणि वाढलेल्या नोंदींची पुन्हा बातमी होते.

सहा वेळा नाणं उडवून बघा

समजा, एखाद्या तालुक्यात गेल्या वर्षी जीबीएसचे २ रुग्ण होते आणि या वर्षी ४ झाले. टक्क्यांत सांगायचं तर १०० टक्के वाढ. पण खरंच काही बदललं का? हे तपासायला खिशातलं एक नाणं पुरतं.

दोन वर्षांत मिळून रुग्ण ६. गावाचं पाणी तेच, लोक तेवढेच, आजाराचा धोका दोन्ही वर्षी अगदी सारखा, असं धरून चालू. मग प्रत्येक रुग्ण गेल्या वर्षी आजारी पडणार की या वर्षी, हा निव्वळ योगायोग राहतो, छाप की काटा तसा. सहा वेळा नाणं उडवा. छाप आला तर रुग्ण गेल्या वर्षीचा, काटा आला तर या वर्षीचा.

बऱ्याच जणांना वाटतं, की तीन-तीन अशी समान वाटणी होईल. तसं होत नाही. सहा नाण्यांचे एकूण ६४ प्रकारचे निकाल लागू शकतात आणि त्यातल्या फक्त २० मध्ये तीन-तीन येतात. उरलेल्या ४४ मध्ये चार-दोन, पाच-एक किंवा सहा-शून्य अशी वाटणी होते. म्हणजे काहीही बदललेलं नसताना, दहापैकी जवळपास सात वेळा एका वर्षाचा आकडा दुसऱ्या वर्षाच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त दिसणार. त्यातल्या निम्म्या वेळी मथळा होईल ‘रुग्ण दुप्पट’ आणि निम्म्या वेळी ‘रुग्ण निम्म्यावर’. दोन्ही वेळी कारण शोधत बसलेला माणूस नाण्याच्या छापा-काट्याचं कारण शोधत असतो.

आता हाच प्रयोग ६० नाण्यांचा करा. म्हणजे गेल्या वर्षी २० रुग्ण आणि या वर्षी ४०. टक्केवारी तीच, १०० टक्के. पण धोका सारखाच असेल तर साठ नाण्यांत इतकी विषम वाटणी शंभरातून एखाद-दुसऱ्या वेळीच होते. इथे ‘योगायोग असेल’ म्हणून गप्प बसणं चूक ठरेल. आणि २०० वरून ४०० झाले तर योगायोगाचा प्रश्नच उरत नाही.

तिन्ही ठिकाणी टक्केवारी एकच, पण तिन्हींचा अर्थ वेगळा. म्हणूनच पाया लहान असेल तेव्हा अनुभवी संख्याशास्त्रज्ञ टक्के काढायलाच तयार नसतात. अमेरिकेची आरोग्य आकडेवारीची राष्ट्रीय संस्था एखाद्या भागातले मृत्यू २० पेक्षा कमी असतील, तर त्यावरून काढलेल्या मृत्युदरावर ‘भरवशाचा नाही’ अशी खूण करत आली आहे. तालुक्याच्या बातमीसाठीही हा ठोकताळा कामाचा आहे. आकडा वीसच्या खाली असेल तर टक्के लिहू नयेत, सरळ माणसं मोजून सांगावीत.

मग पुण्यात काय वेगळं होतं?

इथे कोणी म्हणेल, की पुण्यातही सुरुवातीला आकडा लहानच होता. तो योगायोग म्हणून सोडून दिला असता तर? प्रश्न बरोबर आहे. लहान आकड्याची टक्केवारी फसवते, पण त्यामुळे लहान आकडाच निरर्थक ठरत नाही.

पुण्यात २१ जानेवारीच्या सुमारास २४ संशयित रुग्णांची नोंद झाली आणि राज्याने शीघ्र प्रतिसाद पथक नेमलं. पुणे जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या ९४ लाखांच्या पुढे. नेहमीचा दर लावला तर अख्ख्या जिल्ह्यात आठवड्याला दोन ते चार रुग्ण अपेक्षित. इथे थोड्याच दिवसांत २४, आणि तेही जिल्हाभर विखुरलेले नव्हते. बरेचसे सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या एकाच पट्ट्यातले. अनेकांना आधी जुलाब झालेले. काहींच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला. दूषित पाण्यातून आणि अर्धवट शिजलेल्या अन्नातून तो पोटात जातो आणि जीबीएसचं सगळ्यात ओळखीचं कारण तोच आहे.

म्हणजे डॉक्टरांना सावध केलं ते टक्क्यांनी नाही. एकाच भागातले, एकाच वेळी, एकाच प्रकारचा त्रास होऊन गेलेले लोक एकामागून एक दाखल होत होते, हे त्यांच्या लक्षात आलं. नाण्याचा हिशेब इथे लागू पडत नाही, कारण तो हिशेब रुग्णांचा एकमेकांशी संबंध नाही असं धरून चालतो. एकाच विहिरीचं पाणी पिऊन चौघे आजारी पडले तर ती चार वेगळी नाणी राहत नाहीत. ती एकच घटना असते आणि पाणी बंद केलं नाही तर पाचवा, सहावा येणारच असतो. पुण्यात तसंच झालं. पुढच्या दोनेक महिन्यांत संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले, जिथे एरवी वीस-तीस अपेक्षित होते.

त्याच साथीतला आणखी एक आकडा नीट पाहण्यासारखा आहे. २४ वरून दुसऱ्याच दिवशी ५९. एका दिवसात जवळपास १४६ टक्के वाढ! हा आकडा वाचून कोणालाही वाटेल, की रात्रीत ३५ माणसं लुळी पडली. तसं नव्हतं. पथक नेमलं गेलं, रुग्णालयांना नोंदी कळवायला सांगितलं गेलं, घरोघरी पाहणी सुरू झाली आणि आधीच दाखल असलेले रुग्ण यादीत आले. वाढला तो नोंदीचा वेग. रुग्ण आजारी कधी पडला ती तारीख आणि यादीत त्याचं नाव कधी चढलं ती तारीख, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साथ वाढते की ओसरते, हे पहिल्या तारखेवरून कळतं. रोजच्या बातमीत मात्र बहुतेक वेळा दुसरी तारीख असते.

‘१२०० टक्के’ आणि वारीचं वर्ष

त्याच वर्षी मे महिन्यात कोरोना पुन्हा मथळ्यात आला. देशातले सक्रिय रुग्ण मेच्या उत्तरार्धात २५७ होते, महिनाअखेरीस ३,३९५ झाले. ‘१२०० टक्क्यांहून अधिक वाढ’ असं अनेक ठिकाणी छापून आलं. भागाकार बरोबर होता.

पण १४० कोटींच्या देशात ३,३९५ म्हणजे साधारण चार लाख लोकांमागे एक रुग्ण. चार लाख म्हणजे इथल्या एखाद्या मोठ्या तालुक्याची वस्ती. अख्ख्या तालुक्यात एक माणूस. ‘१२०० टक्के’ ऐकून जी धडकी भरते ती ‘तालुक्यात एक’ ऐकून भरत नाही, आणि दोन्ही वाक्यं एकाच आकड्यावरून काढलेली आहेत. चाचण्या वाढल्या तशा नोंदीही वाढल्या. जूनच्या मध्यापर्यंत देशाचा आकडा सात हजारांच्या पुढे गेला आणि मग उतरत गेला. १८ आणि १९ जूनला देहू-आळंदीहून पालख्या निघाल्या, ६ जुलैला आषाढी एकादशी झाली.

पंढरपूरच्या बाबतीत तर आणखी एक खोच आहे. २०११ मध्ये शहराची लोकसंख्या एक लाखाच्या थोडी खाली होती. आषाढीला तिथे दहा लाखांहून जास्त माणसं जमतात. समजा जूनमध्ये पंढरपुरात एखाद्या आजाराचे २ रुग्ण नोंदले गेले आणि वारीच्या काळात ४. रुग्ण दुप्पट झाले, पण माणसं दहा पटींहून जास्त झाली. लाखामागचं प्रमाण उलट खाली आलं. वरचा आकडा सांगताना खाली भागणारा आकडा सांगितला नाही, तर बातमी अर्धीच राहते. याचा अर्थ वारीत काळजी घेऊ नये असा नाही. एवढ्या गर्दीत पाण्यातून पसरणारा आजार पकडायचा असेल, तर ते चार रुग्ण एकाच दिंडीतले होते का, एकाच टँकरचं पाणी प्यायले होते का, हे विचारलं पाहिजे. टक्के विचारून काही हाती लागत नाही.

टक्क्यांच्या भीतीची किंमत

‘थोडी भीती घातली तर बिघडलं काय, लोक काळजी तरी घेतील,’ असं सर्रास म्हटलं जातं. पण भीतीचंही नुकसान होतं आणि ते मोजलं गेलं आहे.

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला, की नव्या प्रकारच्या काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गाठ होण्याचा धोका दुप्पट होतो. ‘१०० टक्के जास्त धोका’ अशी बातमी झाली. प्रत्यक्षात जुन्या गोळ्या घेणाऱ्या सात हजार स्त्रियांमागे एकीला हा त्रास होत होता, नव्या गोळ्यांत तो सात हजारांमागे दोघींना होत होता. एकाचे दोन. घाबरून हजारो स्त्रियांनी गोळ्या अचानक बंद केल्या. नको असलेली गर्भधारणा वाढली आणि पुढच्या वर्षभरात इंग्लंड व वेल्समध्ये अंदाजे १३ हजार गर्भपात जास्त झाले. गरोदरपणात रक्ताची गाठ होण्याचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो. ‘सात हजारांत एकीऐवजी दोघी’ एवढं साधं वाक्य पहिल्या दिवशी लोकांपर्यंत गेलं असतं, तर त्यातल्या अनेकजणी डॉक्टरांना विचारून निवांत निर्णय घेऊ शकल्या असत्या.

खेड्यातली किंमत वेगळी असते, पण असते. एका मथळ्यावरून लोक पायाला मुंग्या आल्या की उसने पैसे घेऊन शहरातल्या दवाखान्यात धावतात. गावाचं नाव बातमीत आलं की तिथल्या दुधाला, भाजीला गिऱ्हाईक कचरतं. आणि सगळ्यात मोठं नुकसान नंतर होतं. दर महिन्याला ‘स्फोट’, ‘थैमान’, ‘हाहाकार’ वाचून लोकांचे कान बधिर होतात. मग खरोखर एका वस्तीत जुलाबाचे आठ रुग्ण होतात तेव्हा ती बातमीही तशीच पुढे सरकवली जाते.

घट झाली की टक्के कोण सांगतं?

टक्क्यांचा खेळ एकाच बाजूने होत नाही. वाढ झाली की बातमीवाला टक्के सांगतो, घट झाली की कार्यालय सांगतं. चार अपघातांचे दोन झाले की ‘५० टक्के घट’ अशी पाठ थोपटली जाते. पुढच्या वर्षी दोनाचे पुन्हा चार झाले, तर तीच दोन माणसं आता ‘१०० टक्के वाढ’ होतात. आधी ५० टक्के कमी, मग १०० टक्के जास्त, आणि गाव मात्र जिथे होतं तिथेच. लहान आकड्यावर वाढीचे टक्के चालणार नसतील, तर घटीचेही चालता कामा नयेत. ग्रामसभेत कोणी ‘इतके टक्के’ म्हणालं, की ‘किती होते, किती झाले?’ एवढं विचारणं हा गावाचा हक्क आहे.

बातमी कशी लिहिता आली असती?

तालुक्याचंच उदाहरण पुन्हा घेऊ. गेल्या वर्षी २, या वर्षी ४. एक मथळा असा होऊ शकतो : ‘तालुक्यात जीबीएसचे थैमान, रुग्णसंख्येत तब्बल १०० टक्के वाढ’. यात एकही आकडा खोटा नाही. पण वाचणाऱ्याला रुग्ण चार आहेत की चारशे, हे कळत नाही. ते कळू नये म्हणूनच तर टक्के वापरलेले असतात.

दुसरा मथळा असा : ‘तालुक्यात वर्षभरात जीबीएसचे ४ रुग्ण, गेल्या वर्षी २, चौघेही वेगवेगळ्या गावांतले’. खाली दोन-तीन ओळी : तीन लाख वस्तीत वर्षाला तीन ते सहा रुग्ण एरवीही अपेक्षित असतात. चौघांपैकी किती खात्रीचे, किती संशयित. त्यांना कोणत्या महिन्यात त्रास सुरू झाला. त्यांच्या गावच्या पाण्याचे नमुने घेतले का आणि निकाल काय. ही बातमी जास्त लांब होत नाही, पण ती वाचून माणूस काही ठरवू शकतो.

आणि चौकशीत निघालं, की चौघे एकाच गावचे, एकाच पंधरवड्यात आजारी पडलेले, तर मथळा बदलायलाच हवा : ‘एका गावात पंधरा दिवसांत जीबीएसचे ४ रुग्ण, पाण्याची तपासणी सुरू’. आकडा तोच, चार. आता मात्र बातमी खरोखर मोठी आहे, आणि ती मोठी करायला टक्क्यांची गरज पडलेली नाही.

काही आजारांत तर दुसऱ्या रुग्णाची वाटही बघायची नसते. पोलिओ देशातून हटला असला तरी १५ वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, की एका मुलाचीही नोंद घेऊन शौचाचे नमुने तपासले जातात. जीबीएस झालेली मुलंही याच जाळ्यात नोंदली जातात. तिथे एकचा आकडाही पुरेसा असतो, कारण तिथे नेहमीचा आकडा शून्यच राहिला पाहिजे, असं ठरलेलं आहे.

मेसेज पुढे पाठवण्याआधी

गावातल्या माणसाला हे सगळं गणित रोज मांडत बसायची गरज नाही. ‘इतक्या टक्क्यांनी वाढ’ असं वाचलं की आधी मूळ दोन आकडे शोधावेत. बातमीत ते नसतील, तर बातमी अपुरी आहे असं समजावं. दोन्ही आकडे वीसच्या आत असतील तर टक्के विसरून जावेत आणि एरवी किती रुग्ण असतात ते विचारावं. त्यानंतरचा प्रश्न, हे रुग्ण एका जागचे, एका वेळचे, एका पाण्याचे आहेत का. याचं उत्तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे मिळू शकतं. बऱ्याचदा गावच्या आशाताईंनाही माहीत असतं.

उत्तर ‘हो’ आलं, तर वाट बघू नये. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे टीसीएल पावडर वेळेवर पडते का, नळाच्या शेवटच्या टोकाला ओटी टेस्टमध्ये क्लोरीन दिसतं का, हे त्याच दिवशी विचारावं. पाणी उकळून प्यावं. आणि एखाद्याला जुलाब होऊन गेल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत पायातली ताकद जाऊ लागली, जिना चढता येईना, चप्पल पायातून निसटू लागली, तर रुग्ण तालुक्यात दुसरा आहे की चौथा हे न बघता त्याला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावं. या आजारात अशक्तपणा श्वासाच्या स्नायूंपर्यंत चढू शकतो, पण वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात.